तोंड उघडते तोवर

माळव्यात या आजाराची पहिली बातमी डॉक्टरला कळत नाही, ती शेवेच्या बरणीला कळते. घरातला मुलगा एक दिवस पोह्यांवर शेव नको म्हणतो. कचोरीची चटणी बाजूला सारतो. आई विचारते, तर म्हणतो, ‘झोंबतं, उष्णता झालीय.’ मग गुलकंद येतो, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या येतात, आठ-दहा दिवस बरे वाटते, आणि पुन्हा झोंबू लागते. पुढे कधीतरी मित्रांबरोबर पाणीपुरीच्या गाडीवर उभा असताना त्याच्या लक्षात येते की पुरी तोंडात जात नाही, ती आधी फोडावी लागते. झोंबणे आणि न मावणारी पुरी या दोन खुणांमध्ये कधी सहा महिने जातात, कधी दोन वर्षे. हे पुस्तक त्या मधल्या काळाविषयी आहे.

मी देवासला वाढलो आणि पुढे दंतवैद्यकी केली. देवास आणि धार ही दोन्ही पवारांची संस्थानी गावे. मधे इंदूर, एका बाजूला चाळीसेक किलोमीटरवर देवास, दुसऱ्या बाजूला साठेक किलोमीटरवर धार. अठराव्या शतकात मराठी फौजांबरोबर आलेली घराणी इथे रुजली. देवासची तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये एकाच गावात नांदली. भाषेबरोबर इथल्या मराठी घरांनी पानसुपारीही जपली. हळदीकुंकवाला सुपारी, लग्न ठरले की सुपारी फुटते, पूजेत गणपतीच्या जागी सुपारी मांडतात. आजीच्या चंचीत कात, चुना, अडकित्ता आणि सुपारीची खांडे असत, आणि त्यातले एक खांड नातवाच्या हातावर पडे. मी हे तक्रार म्हणून लिहीत नाही. ज्या वस्तूला देवघरात जागा आहे, तिच्यावर कोणी संशय घेत नाही, एवढेच मला नोंदवायचे आहे. तपासणीच्या खुर्चीत बसलेला तरुण म्हणतो, ‘डॉक्टरसाहेब, तमाखू कधीच नाही. बस, सुपारी.’ तो खोटे बोलत नसतो. आपण निर्दोष आहोत असे त्याला मनापासून वाटत असते.

या एका वाक्यात दोन वेगळे आजार एकमेकांत मिसळले आहेत. पुस्तकात शिरण्याआधी ते वेगळे करून घ्यायला हवेत.

पहिला आजार पांढऱ्या चट्ट्याचा. कुदळ धरणाऱ्या हाताला घट्टा पडतो, तसा तोंडाचा नाजूक पडदा सततच्या त्रासाने जाड होतो आणि पांढरा दिसू लागतो. तंबाखू-चुना मळून जिथे बार भरला जातो, म्हणजे बहुधा खालच्या ओठामागच्या किंवा गालाच्या आतल्या खाचेत, तिथेच तो पहिल्यांदा दिसतो. प्रत्येक पांढरा डाग म्हणजे हा आजार नसतो. बुरशीचा थर कापडाने पुसला की निघतो. चुन्याने भाजलेली जागा काही दिवसांत भरून येते. गालाच्या आत दातांच्या रेषेत आडवी पांढरी रेघ पुष्कळ निरोगी माणसांनाही असते. पुसून न निघणारा आणि दुसरे कोणतेही कारण न सापडणारा जो चट्टा उरतो, त्याला ल्युकोप्लाकिया म्हणतात. म्हणजे हे नाव बाकीच्या शक्यता वगळून मिळते, आणि म्हणून ते घाईने देऊ नये.

दुसरा आजार तोंड आखडण्याचा, ओरल सबम्यूकस फायब्रोसिसचा. यात पडद्यावर काही साचत नाही, पडद्याखाली घट्ट होत जाते. गालाची आतली बाजू गुलाबी दिसायची ती संगमरवरासारखी फिकट होते. गालात बोट घातले तर उभ्या दोऱ्या हाताला लागतात. पडजीभ आखडून वाकडी होते. जीभ पूर्वीइतकी बाहेर येत नाही. गाल फुगवून मेणबत्ती विझवता येत नाही, शिट्टी वाजत नाही. शेवटी जबडाच उघडत नाही. या आजाराचे मूळ कारण तंबाखू नाही, सुपारी आहे.

हे कळायला वैद्यकाला तीसहून अधिक वर्षे लागली, आणि त्या शोधाची बरीच वाट मुंबईतून जाते. १९५२ साली श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतल्या पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडातला हा बदल पहिल्यांदा नोंदवला, आणि कारण अज्ञात असल्याचे नावातच लिहून ठेवले. पुढच्याच वर्षी मुंबईचे कान-नाक-घशाचे सर्जन एस. जी. जोशी यांनी टाळू आणि घशाच्या कमानींचा हाच आजार वर्णन केला आणि ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ हे शब्द वापरले. आज जगभर चालणारे नाव तिथून आले.

मग कारणावरून तट पडले. एका तटाचे बोट मिरचीकडे होते. भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणून ओळखले जाणारे वसंत रामजी खानोलकर आणि सत्यवती शिरसाट यांनी मुंबईत उंदरांच्या टाळूवर मिरचीतले कॅप्सेसिन लावून तसाच बदल घडतो का, हे १९६०च्या सुमारास पाहिले. त्या काळी ही शंका अगदी रास्त होती. रुग्णांची पहिली तक्रारच तिखट सोसत नाही अशी असे. परिणामालाच कारण समजण्याचा हा मोह आजही घराघरांत आहे. शेव बंद करून आजार थांबवायची धडपड त्याच तर्काने चालते. दुसरा तट रक्तक्षयाचा आणि ब जीवनसत्त्वांचा होता. लोह कमी असलेल्या माणसाचा पडदा आधीच पातळ असतो, म्हणून त्याला त्रास लवकर आणि जास्त होतो हे खरे, पण एवढ्याने आजार उभा राहत नाही. १९६६ मध्ये डेन्मार्कचे येन्स पिंडबोर्ग आणि शिरसाट यांनी दोघांच्या नावाने आजाराची व्याख्या बांधली. ती अजून पाठ्यपुस्तकांत आहे.

निर्णायक पुरावा प्रयोगशाळेबाहेरून आला. दक्षिण आफ्रिकेत नाताळ भागातल्या भारतीय वंशाच्या स्त्रिया सुपारी खात, तंबाखू न घालता, आणि हा आजार त्यांना होत होता. लंडनमध्ये १९८०च्या दशकात सुपारीतल्या द्रव्यांनी तंतू बनवणाऱ्या पेशी कशा चेतवल्या जातात ते दाखवले गेले. भावनगरला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागाने आजारी आणि निरोगी माणसांच्या सवयी शेजारी ठेवून तुलना केली, आणि पारडे सुपारीकडे झुकले. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला, तंबाखूशिवायच्या सुपारीलाही, माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले.

सुपारी नेमके काय करते, हे सांगायला माळव्यात एक सोपी उपमा हाताशी आहे. देवासला चामडे कमावण्याचा उद्योग परका नाही. कातड्याला झाडाच्या सालीतले टॅनिन पाजले की ते कुजत नाही, कडक आणि टिकाऊ होते. सुपारीतही टॅनिन असते, तोच तुरट रस. सुपारीतले अरेकोलिन पडद्याखालच्या पेशींना कोलेजनचे तंतू जास्त बनवायला लावते. सुपारीत तांबेही भरपूर असते. ते तंतूंना एकमेकांशी बांधणाऱ्या विकराला बळ देते. आणि टॅनिन त्या बांधलेल्या तंतूंना असे कमावते की शरीराची नेहमीची मोडतोड त्यांच्यावर चालत नाही. शरीर रोज जुने कोलेजन काढते आणि नवे घालते. इथे घालणे वाढते आणि काढणे थांबते. म्हणून सुपारी सोडल्यावर आखडणे पुढे जाण्याचा वेग मंदावतो, पण जे बांधले गेले ते आपोआप सुटत नाही.

दोन आजारांमधला सगळ्यात मोठा फरक हाच, आणि या पुस्तकाची मांडणी त्यावर उभी आहे. तंबाखू सोडली तर पांढरा चट्टा अनेकदा काही आठवड्यांत फिका पडतो, कधी पूर्ण जातो. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय खेड्यांतल्या ३६,००० तंबाखूसेवकांच्या अभ्यासात, ज्यांना सवय सोडायला नीट मदत मिळाली, त्यांच्यात नवे चट्टे स्पष्टपणे कमी उमटले. आखडलेल्या तोंडाला अशी परतीची वाट नाही. आणि त्यात आणखी एक अडचण आहे, जी रुग्णाला शेवटपर्यंत कोणी सांगत नाही. तोंड जसजसे मिटते, तसतसा आतला चट्टाही दिसेनासा होतो. ज्या तोंडात धोका वाढतो आहे, त्याच तोंडात डोकावण्याची फट लहान होत जाते. वीस मिलिमीटर उघडणाऱ्या तोंडात मागच्या दाढेमागे आरसा फिरत नाही, तुकडा काढायचा चिमटा शिरत नाही. शस्त्रक्रियेची वेळ आली तर भूल देणाऱ्याला श्वासनळीत नळी घालणे अवघड जाते. लवकर तपासा असे सगळेच म्हणतात. इथे त्याचा अर्थ अगदी शब्दशः आहे. उशीर झाला तर तपासताच येत नाही.

धोका किती, याविषयी भीती घालू नये आणि धीरही खोटा देऊ नये. एर्नाकुलम जिल्ह्यात तोंड आखडलेल्या ६६ जणांवर १७ वर्षे लक्ष ठेवले गेले. त्यांतल्या पाच जणांना तोंडाचा कर्करोग झाला, म्हणजे शंभरातल्या सात-आठांना. साध्या, एकसारख्या, सपाट पांढऱ्या चट्ट्याचे कर्करोगात रूपांतर शंभरातल्या मोजक्यांतच आणि वर्षे जाऊन होते. पण त्याच चट्ट्यावर लाल ठिपके आले, पृष्ठभाग चामखिळीसारखा खडबडीत झाला, किंवा तो जिभेच्या कडेला वा जिभेखाली असला, तर हिशेब बदलतो. पांढरा रंग अजिबात नसलेला, मखमलीसारखा लाल चट्टा त्याहून गंभीर. तो दिसायला निरुपद्रवी असतो आणि दुखत नाही, पण सूक्ष्मदर्शकाखाली त्यातल्या बहुतेकांत कर्करोग किंवा त्याच्या उंबरठ्यावरचा बदल सापडतो. माझ्या अनुभवात लोक पांढऱ्याला घाबरतात आणि लालला तोंड आले असे समजून सोडून देतात. हे उलटे व्हायला हवे.

आता हा विषय आजच का, तर सुपारीचे रूप बदलले म्हणून. आजीच्या विड्यात ओले पान होते, सुपारी थोडी होती, आणि विडा जेवणानंतर होता. गुटख्याच्या आणि पानमसाल्याच्या पुडीत पान नाही, पाणी नाही. वजनाच्या हिशेबात ती जवळजवळ सगळी वाळलेली सुपारी, आणि ती दिवसभर तोंडात राहते. हैदराबादच्या एका पाहणीत विडा खाणाऱ्यांना आजार दिसायला साडेआठ वर्षांच्या आसपास काळ लागला, पुडीवाल्यांना तीन वर्षांहूनही कमी. भावनगरला १९६७च्या घरोघरच्या पाहणीत हा आजार तुरळक होता. १९९३-९४ मध्ये त्याच भागात तंबाखू वा सुपारी खाणारे ५,०१८ पुरुष तपासले तेव्हा १६४ जणांचे तोंड आखडत चाललेले सापडले, आणि त्यांत तरुण फार होते. मधल्या काळात मावा आणि पुडी आली होती.

मध्य प्रदेशाने १ एप्रिल २०१२ला गुटख्यावर बंदी घातली. अन्नसुरक्षेच्या नियमाखाली असे करणारे ते देशातले पहिले राज्य, महाराष्ट्राने त्यानंतर जुलैमध्ये घातली. बंदीचा आधार असा होता की खाद्यपदार्थात तंबाखू मिसळता येत नाही. त्यावर बाजाराने उत्तर काढले. पानमसाला एका पुडीत, तंबाखू दुसऱ्या पुडीत, दोन्ही एकत्र घ्यायच्या आणि हातावर मिसळायच्या. आणि पानमसाल्याची पुडी, ज्यात तंबाखू नाही पण सुपारी पुरेपूर आहे, राजरोस उरली. आपल्या तोंड-तपासणीच्या संदर्भात बंदीची ही फट सगळ्यात महत्त्वाची आहे. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत मध्य प्रदेशातले सुमारे २८ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते. त्या आकड्यात नुसती सुपारी खाणारे नाहीत.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. ते एका माणसाचे नाही. अनेक तरुणांच्या बाबतीत जे जे पाहिले, ते एकत्र ठेवून मी ते बांधले आहे, म्हणून त्याला नाव देत नाही.

धार जिल्ह्यातल्या पिथमपूरच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा चोवीस वर्षांचा मुलगा. दहावीत गोड सुपारीच्या पुडीने सुरुवात. कामाला लागल्यावर जागे राहण्यासाठी पानमसाला आणि तंबाखू, रोज सहा-सात पुड्या, बार डाव्या गालात खालच्या बाजूला. दीड वर्षाने झोंबणे सुरू झाले. औषधाच्या दुकानातून तोंडाला लावायचे मलम आणि गोळ्या, कधी बरे कधी नाही. या चढउताराने सगळ्यांची फसगत होते. झोंबणे कमी-जास्त होते, म्हणून आजारही जातो-येतो असे वाटते, पण आखडणे मात्र एकाच दिशेने चालू असते. तिसऱ्या वर्षी तो दंतवैद्याकडे गेला तो दाढ किडली म्हणून. ब्रश मागच्या दाढेपर्यंत पोचतच नव्हता, हे किडण्याचे खरे कारण. तिथे अक्कलदाढ येतेय म्हणून प्रतिजैविके मिळाली.

ही चूक समजून घेण्यासारखी आहे. अक्कलदाढेच्या सुजेने तोंड उघडेनासे होते तेव्हा ते एक-दोन दिवसांत होते, दुखते, गाल सुजतो, ताप येतो, आणि सूज उतरली की तोंड पूर्ववत उघडते. सुपारीने आखडणारे तोंड महिनोन्‌महिने, न दुखता मिटत जाते आणि औषधाने परत येत नाही. आधीच आखडलेले तोंड काही आठवड्यांतच झपाट्याने आणखी कमी उघडू लागले, सोबत न भरणारी जखम असली, तर ती तिसरी आणि सगळ्यात वाईट शक्यता. तिथे एक दिवसही थांबू नये.

आमच्या मुलाची पुढची तपासणी इंदूरला झाली. वरच्या आणि खालच्या समोरच्या दातांच्या कडांमधले अंतर २८ मिलिमीटर भरले. प्रौढाला साधारण ३५ ते ५० असते. खन्ना आणि अँड्रेड यांच्या १९९५च्या प्रतवारीत २६ ते ३५ हा दुसरा गट, म्हणजे आजार आहे पण वाट अजून उघडी आहे. दोन्ही गालांत उभ्या दोऱ्या होत्या, पडजीभ आखडलेली. आणि डाव्या खाचेत, बार भरायच्या जागी, दीड सेंटिमीटरचा न पुसला जाणारा पांढरा चट्टा. आधी त्याला तीन आठवडे सगळे बंद करायला सांगितले, सुपारीसुद्धा. हा काळ सवड म्हणून दिलेला नसतो, ती एक चाचणीच असते. नुसत्या घर्षणाचा आणि तंबाखूचा चट्टा या काळात उतरणीला लागतो. त्याचा चट्टा अर्धा उतरला, पण उरलेल्या भागात एक लाल ठिपका दिसू लागला. तो आधीपासून असावा, जाड पांढऱ्या थराने झाकलेला. त्या लाल जागेतून तुकडा काढला. तुकडा कुठून काढायचा हे इथे फार महत्त्वाचे असते. गुळगुळीत पांढऱ्या भागातून काढला असता तर अहवाल कदाचित ठीक आला असता. अहवालात पेशींचा मध्यम प्रतीचा बिघाड निघाला, कर्करोग नाही. चट्टा काढून टाकला.

आखडलेल्या गालांसाठी टाळूत आणि गालात स्टेरॉइड आणि हायलुरोनिडेजची इंजेक्शने आठवड्याला एक अशी काही आठवडे, आणि त्याहून महत्त्वाचे, रोजचा व्यायाम. आइस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्यांची गड्डी मागच्या दातांमध्ये धरायची, ताण बसेल इतकी. काही मिनिटे तशीच ठेवायची, दिवसातून चार-पाच वेळा, आणि सोसू लागले की गड्डीत एक काडी वाढवायची. इंजेक्शनाने तंतू थोडे सैलावतात, तेवढ्या वेळात ते ताणले नाहीत तर पुन्हा बांधले जातात. सहा महिन्यांनी तोंड ३३ मिलिमीटर उघडले. ते ४० होणार नाही, हे त्याला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले होते. दोऱ्या कापून गालातल्याच चरबीचा थर तिथे बसवायची शस्त्रक्रिया आहे, पण तोंड फार मिटल्यावरची ती वाट आहे, आणि नंतरचा व्यायाम सुटला तर तिचेही फळ टिकत नाही. त्याची तपासणी आता दर तीन महिन्यांनी, आणि ती कायमची. चट्टा गेला म्हणून धोका संपत नाही. ज्या पडद्यावर तो उगवला तो सगळा पडदा तीच सुपारी खाऊन बसलेला असतो.

मग प्रश्न उरतो, हा मुलगा दाढेच्या आधी कोणाच्या नजरेला पडला असता का. इथे सरकारी व्यवस्थेचे गुण आणि तिची मर्यादा दोन्ही सांगायला हवीत. २०१६च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार तीस वर्षांवरच्या प्रत्येकाच्या तोंडाची दर पाच वर्षांनी नजरेने तपासणी व्हायची आहे. आशा ताईच्या प्रश्नपत्रिकेत तोंड उघडायला त्रास होतो का, तोंडात बरी न होणारी जखम किंवा चट्टा आहे का, हे प्रश्न आहेत. कर्करोग शोधायला हे वय ठीक आहे. पण पुडीने आखडणारे तोंड विशी-पंचविशीतच मिटू लागते. तिशीत पोचेपर्यंत तो मुलगा या यादीत येतच नाही. म्हणून इथे घराने, शाळेने आणि गावातल्या दंतवैद्याने आधी पाहायला हवे, असे माझे मत आहे, आणि पुस्तकाचेही.

नजरेने पाहण्याने काही होते का, याचे उत्तर तिरुवनंतपुरम जिल्ह्यातून आले. १९९६ पासून तिथे गावांचे गट पाडून काहींत, प्रशिक्षण दिलेल्या पण डॉक्टर नसलेल्या कार्यकर्त्यांनी, पस्तीस वर्षांवरच्या माणसांची तोंडे उजेडात तपासली. २००५च्या निष्कर्षांत तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू तपासणी झालेल्या गटात ३४ टक्क्यांनी कमी निघाले. सवय नसलेल्यांत फायदा दिसला नाही, आणि तो दिसायचे कारणही नव्हते. पण त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मला अधिक बोलका वाटतो. संशयित म्हणून पुढे पाठवलेल्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक जण डॉक्टरपर्यंत गेलेच नाहीत. केरळात हे, तर कुक्षीहून धार आणि धारहून इंदूर गाठायचे, दिवसाची मजुरी बुडवायची, आणि दुखत नसलेल्या डागासाठी, ही अपेक्षा किती मोठी आहे ते लक्षात घ्यावे. चट्टा सापडणे हे अर्धे काम, त्या माणसाबरोबर कोण जाईल हे उरलेले अर्धे.

या पुस्तकात लेखकांनी काय केले ते थोडक्यात सांगतो. हे डॉक्टरांचे पाठ्यपुस्तक नाही, आणि औषधांच्या मात्रा यात दिलेल्या नाहीत. माळव्यातल्या मराठी घरांत, म्हणजे जिथे बोलणे मराठीत आणि दुकान हिंदीत असते, तिथे कोणती खूण कोणत्या शब्दात सांगितली जाते ते त्यांनी गोळा केले आहे आणि त्या शब्दांवरून आजार ओळखायला शिकवले आहे. झोंबणे, तोंड कोरडे पडणे, गाल ताठ वाटणे, पुरी न मावणे हे शब्द रुग्ण आधी वापरतो, ‘फायब्रोसिस’ नंतर येतो. कर्करोगाच्या उपचारात ते शिरलेले नाहीत. तो वेगळ्या पुस्तकाचा विषय आहे. सवय सोडण्यासाठी त्यांनी राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी १८००-११-२३५६ दिला आहे, आणि सोबत एक गोष्ट मोकळेपणाने मांडली आहे: सुपारीचेही व्यसन लागते, आणि तंबाखू सोडलेला माणूस तिच्या जागी नुसती सुपारी धरतो तेव्हा त्याने पांढरा चट्टा टाळून आखडणे विकत घेतलेले असते. पुस्तकातला हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

घरी पाहायची पद्धतही यात आहे. ती शिकायला दहा मिनिटे पुरतात. खिडकीसमोर बसायचे, कवळी असेल तर काढायची, हात धुवायचे. खालचा ओठ उलटा करून त्यामागची खाच, मग बोटाने गाल ओढून दोन्ही बाजू, जिभेच्या दोन्ही कडा कापडात धरून, जीभ टाळूला लावून तिच्याखालची जागा, आणि शेवटी आ करून टाळू आणि पडजीभ. आत बोट आणि बाहेर अंगठा ठेवून गाल चाचपायचा, दोरी लागते का ते पाहायला. तोंड किती उघडते यासाठी स्वतःचीच तीन बोटे, मधली तीन, एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमध्ये बसतात का ते पाहायचे. ही चाचणी सोपी आहे आणि तिला मर्यादाही आहेत. कोणाची बोटे जाड, कोणाचे तोंड मुळात लहान, आणि आजाराच्या अगदी पहिल्या पायरीवर तिन्ही बोटे सहज बसतात. तेव्हा फक्त झोंबणे आणि फिका पडलेला गाल एवढेच असते. म्हणून एकदा केलेल्या चाचणीपेक्षा त्याच माणसाची मागची आणि आजची नोंद शेजारी ठेवणे उपयोगी पडते.

त्यासाठी शेवटच्या पानाच्या कडेला मिलिमीटरची पट्टी छापली आहे आणि तिच्याखाली दोन रकाने आहेत, तारीख आणि अंतर. पट्टी कापून जाड पुठ्ठ्यावर चिकटवावी, शून्याची कड खालच्या समोरच्या दातावर टेकवावी, जमेल तेवढे तोंड उघडावे, आणि वरच्या दाताच्या कडेपाशी जो आकडा येईल तो पेन्सिलीने लिहावा. दर महिन्याला त्याच तारखेला. सलग दोन महिन्यांत आकडा दोन-तीन मिलिमीटरने उतरला, किंवा कोणताही पांढरा वा लाल चट्टा तीन आठवड्यांत गेला नाही, तर ते पान घेऊनच दंतवैद्याकडे जावे. एकदा पाहून जे त्याला समजणार नाही, ते या रकान्यांत असेल.